एकशे चाळीस मेल, तीन उत्तरं

*मी नऊ वर्षं डेंटल लॅबमध्ये टेक्निशियन होते. आता भागीदाराबरोबर लॅबसाठी ऑर्डर सांभाळणारं ॲप चालवते. सात महिन्यांत चौदा लॅबनी वापरून पाहिलं, अकरा पैसे देतात. आम्ही १४० गुंतवणूकदारांना एकच मेल पाठवला: ‘दंतचिकित्सा उद्योगात क्रांती घडवणारं व्यासपीठ’ आणि सोबत २४ पानांचं सादरीकरण. तीनच उत्तरं आली. एकाने तपासणीसाठी फी मागितली. एक म्हणाला, ‘आमच्यासाठी अजून लवकर आहे.’ तिसऱ्याने महिन्यावार आकडे मागितले. तेव्हा आठ लॅब होत्या. जुळवाजुळव करून पाठवायला अकरा दिवस गेले आणि त्यानंतर दोन महिने शांतता. कोणाला लिहावं, काय लिहावं आणि उत्तर आलं तर हाताशी काय असावं?*

*— लॅबमधून बाहेर पडलेली*

फी मागणाऱ्याला उत्तर देऊ नका. गुंतवणूकदार पैसे देऊन हिस्सा घेतो. पैसे देण्याआधी तुमच्याकडूनच ‘तपासणी खर्च’ किंवा ‘सादरीकरण शुल्क’ मागणाऱ्याचा धंदा वेगळा असतो. सह्या करताना वकिलाचा खर्च कोणी उचलायचा यावर बोलणं होतं, पण ते अटी ठरल्यानंतर, पहिल्या मेलला नाही.

आता यादी. ती मी पाहिलेली नाही, पण १४० जणांना एकच मजकूर गेला म्हणजे त्यातल्या बहुतेकांना तुम्हाला ‘हो’ म्हणणं शक्यच नव्हतं, हे मी बऱ्यापैकी खात्रीने सांगते. त्याचं कारण फंड कसा चालतो त्यात आहे. फंडातले पैसे दुसऱ्यांचे असतात आणि साधारण दहा वर्षांच्या मुदतीवर घेतलेले असतात. नव्या कंपन्यांत गुंतवणूक बहुधा पहिल्या तीन-चार-पाच वर्षांत होते. उरलेली रक्कम आधीच घेतलेल्या कंपन्यांना पुढच्या फेऱ्यांत देण्यासाठी राखून ठेवतात. अशा फंडातली माणसं तुम्हाला आनंदाने भेटतील, प्रश्न विचारतील, बाजार समजून घेतील, पण नव्या कंपनीसाठी त्यांच्याकडे पैसेच नसतील. हे ओळखायला फार खटपट लागत नाही. त्यांच्या कंपन्यांच्या यादीत *नवी* कंपनी शेवटची कधी आली ते पाहा. दीड-दोन वर्षांत एकही नसेल आणि नवा फंड उभारल्याची बातमीही नसेल, तर ते नाव खाली ढकला.

दुसरी चाळणी रकमेची. समजा तुम्हाला १०० हवे आहेत. जो फंड एका कंपनीत ५०० पेक्षा कमी घालतच नाही, त्याच्यासाठी तुम्ही खरोखरच ‘लवकर’ आहात. त्या उत्तरात तुमच्या कामाबद्दल मत नव्हतं. उलट स्वतःच्या खिशातून ५ किंवा १० देणारी माणसं, म्हणजे एंजल गुंतवणूकदार, एकट्याने निर्णय घेतात. त्यांना समिती नसते, त्यामुळे होकार काही दिवसांत येऊ शकतो. तुमच्या टप्प्यावर मी यादीत निम्म्याहून जास्त अशीच माणसं ठेवेन, आणि त्यातही छोट्या कारखान्यांना किंवा कार्यशाळांना सॉफ्टवेअर विकून कंपनी उभी केलेली, नाहीतर दंतवैद्यकाची उपकरणं विकण्यात आयुष्य घालवलेली. दाताच्या रंगाची शेड चुकली की क्राऊन, म्हणजे दातावर बसवायची टोपी, पुन्हा करावा लागतो, हे ज्याला समजावून सांगावं लागत नाही त्याच्याशी तुमचं बोलणं वेगळ्याच जागेवरून सुरू होतं.

तिसरी चाळणी माझ्या स्वतःच्या चुकीतून शिकले. माझ्या पहिल्या कंपनीच्या वेळी एका गुंतवणूकदाराला मी उत्साहाच्या भरात सगळं पाठवलं: दर, ग्राहकांची यादी, पुढच्या वर्षाचा बेत. त्याचे पैसे आमच्या थेट स्पर्धकात आधीच गुंतलेले होते. ते त्याच्या यादीत लिहिलेलं होतं, मी पाहिलं नव्हतं. म्हणून प्रत्येक नावापुढे एक रकाना ठेवा: यांनी आपल्यासारख्याच कंपनीत पैसे घातले आहेत का? थेट स्पर्धक असेल तर नाव काढा. शेजारच्या धंद्यातली कंपनी असेल, समजा छापखान्यांच्या किंवा चष्म्याच्या काचा घासणाऱ्या कार्यशाळांच्या ऑर्डर सांभाळणारी, तर ते नाव सगळ्यात वर न्या. फंडात लिहायचं असेल तर ती शेजारची गुंतवणूक ज्या भागीदाराने केली त्यालाच लिहा. फंडातले तरुण विश्लेषक चौकस आणि मदतीला तत्पर असतात, पण होकार देण्याचा अधिकार त्यांच्याकडे क्वचितच असतो.

या चाळण्यांतून १४० ची चाळीसेक नावं उरतील, आणि तेवढी पुरतात. त्यांना एकाच दिवशी लिहू नका. पहिल्या आठवड्यात दहा घ्या, मधल्या पसंतीची. सगळ्यात हवीहवीशी वाटणारी नावं दुसऱ्या खेपेला ठेवा, कारण पहिल्या दहांकडून मजकुरातली खोट कळते. दहांपैकी एकानेही बोलायची वेळ दिली नाही तर अकराव्याला तोच मजकूर पाठवण्यात अर्थ नाही. एका खेपेतले सगळे मेल दोन-तीन दिवसांत जावेत, म्हणजे बोलणीही एकाच सुमारास होतील. एकाचं बोलणं मार्चमध्ये आणि दुसऱ्याचं जूनमध्ये झालं तर कोणालाच निर्णयाची घाई वाटत नाही.

ओळख कोणाची काढावी, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण उत्तरांची संख्या त्यावर सगळ्यात जास्त हलते. उत्तम ओळख त्या गुंतवणूकदाराने ज्याला पैसे दिले आणि ज्याचं बरं चाललंय, अशा संस्थापकाची. त्याला गाठणं सोपं असतं. एकाच प्रकारच्या ग्राहकाला विकणारे संस्थापक एकमेकांच्या मेलला सहसा उत्तर देतात. त्याला आधी धंद्यातलाच एखादा खरा प्रश्न विचारा, एकदा बोला, मग ओळखीचं विचारा. ज्या गुंतवणूकदाराने स्वतः नकार दिला त्याच्याकडून मात्र ओळख घेऊ नका. तो भलेपणाने देऊ करेल, पण पलीकडच्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो: एवढं चांगलं आहे तर तुम्ही का नाही घातले?

ओळख करून देणाऱ्याचं काम हलकं करा. त्याला स्वतंत्र मेल लिहा, ज्यात गप्पा, आभार काही नसेल. तो जसाच्या तसा पुढे पाठवता आला पाहिजे. तो आधी गुंतवणूकदाराला विचारेल, ‘यांच्याशी जोडून देऊ का?’ आणि हो आलं की मगच तुमची गाठ घालून देईल. मधे एखादा आठवडा गेला तर त्याला नकार समजू नका. ओळख मिळालीच नाही तर हाच मेल थेट पाठवायचा. तुमचा मेल मी असा लिहिला असता:

> विषय: डेंटल लॅबसाठी ऑर्डर-व्यवस्था, ११ लॅब पैसे देऊन वापरतात
>
> नमस्कार,
>
> छोट्या छापखान्यांच्या ऑर्डर सांभाळणाऱ्या कंपनीत तुम्ही सुरुवातीला पैसे घातले होते, म्हणून लिहिते आहे. आम्ही तसंच काम डेंटल लॅबसाठी करतो.
>
> डेंटिस्टची ऑर्डर लॅबकडे अजून चिठ्ठीवर किंवा मेसेजमधून येते. शेड किंवा दाताचा क्रमांक चुकला की क्राऊन पुन्हा करावा लागतो आणि तो खर्च लॅब सोसते. आमच्या ॲपमध्ये ही माहिती आणि फोटो भरल्याशिवाय ऑर्डर पुढे जातच नाही.
>
> ७ महिन्यांत १४ लॅबनी वापरून पाहिलं, ११ दरमहा पैसे देतात. जुन्या नोंदी असलेल्या ६ लॅबमध्ये रीमेक शंभरामागे ९ वरून ५ वर आले.
>
> मी ९ वर्षं डेंटल लॅबमध्ये टेक्निशियन होते. सॉफ्टवेअर माझ्या भागीदाराने लिहिलं आहे.
>
> ६० लॅबपर्यंत जाण्यासाठी, १८ महिने पुरेल इतकी रक्कम आम्ही उभी करतो आहोत: ……. ११ पानांची माहिती सोबत आहे. पुढच्या मंगळवारी किंवा गुरुवारी २० मिनिटं बोलता येईल का?

रीमेकचे आकडे मी नमुन्यादाखल घातले आहेत. तुमचे खरे काढा, आणि ‘६ लॅबमध्ये’ असं जे लिहिलंय ते जपा. ज्या लॅबकडे आधीच्या नोंदीच नव्हत्या त्यांच्यात किती फरक पडला हे तुम्हाला सांगता येणार नाही, आणि तसं उघडपणे लिहिलेलं वाचणाऱ्याला बरं वाटतं. तसंच ‘१४ पैकी ११’. नुसतं ‘११ ग्राहक’ लिहिलं तर कितींना विचारलं होतं ते कळत नाही, आणि सोडून गेलेल्या तिघांचं तुम्ही लपवताय की काय, ही शंका पुढे कधीतरी येतेच. रक्कम आकड्यात लिहा. मी जागा रिकामी सोडली कारण ती तुमच्या खर्चावरून ठरायला हवी: दर महिन्याचा खर्च, नव्या माणसांचे पगार धरून, गुणिले अठरा, वजा या काळात लॅबकडून येणारे पैसे. अठरा यासाठी की पुढची फेरी उभी करण्यातच सहा महिने जाऊ शकतात, म्हणजे आकडे वाढवून दाखवायला हातात वर्षच उरतं.

‘क्रांती’ आणि ‘व्यासपीठ’ गेले, कारण त्या दोन शब्दांवरून तुम्ही लॅबला विकता, डेंटिस्टला की रुग्णाला, हेही कळत नव्हतं. सादरीकरण अकरा-बारा पानांवर आणा आणि साध्या पीडीएफमध्ये जोडा. पासवर्ड लागणारी लिंक नको. गुप्ततेच्या करारावर सही मागू नका. सुरुवातीच्या टप्प्यावर गुंतवणूकदार बहुधा ती देत नाहीत, आणि मागणारा नवखा आहे एवढंच त्यांना कळतं. त्याऐवजी ते पान तिऱ्हाइताच्या हाती पडणारच असं धरून चाला आणि ग्राहकांची नावं, दर वगैरे त्यात ठेवूच नका.

उत्तर नाही आलं तर आठवड्याने त्याच मेलखाली एकदा लिहा, पण काहीतरी नवं घेऊन: बारावी लॅब आली, किंवा एका लॅबने दुसरीला सुचवलं. ‘माझा मेल पाहिलात का?’ यात वाचणाऱ्यासाठी काही नसतं. दोन आठवड्यांनी आणखी एकदा, मग थांबा.

उत्तराची तयारी मेल पाठवण्याआधी पूर्ण झालेली हवी. तुमचे अकरा दिवस तिथे गेले. तीन गोष्टी बसून करून ठेवा. पहिली म्हणजे एकच तक्ता: प्रत्येक ओळीत एक लॅब, प्रत्येक रकान्यात एक महिना, आत त्या महिन्याचे पैसे आणि ऑर्डरची संख्या. सोडून गेलेल्या तीनही लॅब त्यात हव्यात, गेल्याचा महिना आणि कारण यांसकट. जाणकार माणूस बेरजेआधी जुन्या लॅबच्या ओळी पाहतो: पहिल्या महिन्यात आलेल्या लॅब सातव्या महिन्यातही तेवढ्याच ऑर्डर टाकतायत का? दुसरी म्हणजे कंपनीत कोणाचा किती हिस्सा आहे त्याची यादी. तिसरी कागदपत्रांची, आणि हिच्याबद्दल मला तुमची काळजी वाटते. भागीदाराने लिहिलेलं सॉफ्टवेअर कंपनीच्या नावावर केल्याचा सही केलेला कागद आहे का? आणि तुम्ही किंवा तो नोकरीत असतानाच काम सुरू झालं असेल, तर जुन्या मालकाचा त्यावर हक्क लागू शकतो का, हे नोकरीच्या करारात वाचून पाहिलंत का? ही गाठ आत्ता एका वकिलाबरोबर बसून सुटते. पैसे यायच्या आठवड्यात निघाली तर सगळं अडतं.

मग ‘आकडे पाठवा’ असं उत्तर आलं की त्याच दिवशी तक्ता जाईल, आणि सोबत ‘या ओळींमागची गोष्ट वीस मिनिटांत सांगते, बुधवारी चालेल?’ एवढं एक वाक्य. नुसत्या कागदांवर नकार देणं सोपं असतं, म्हणून प्रत्येक उत्तरातून बोलण्याची वेळ मागा.

बोलण्यात बाजाराच्या आकाराचा प्रश्न हमखास येईल: डेंटल लॅब आहेत तरी किती? ‘दंतचिकित्सेची जागतिक उलाढाल’ असला आकडा सांगू नका. खालून मोजा. तुम्ही विकू शकाल अशा लॅब किती, गुणिले एक लॅब वर्षाला किती देते. उत्तर लहान आलं तर लॅबकडून पुढे आणखी कशाचे पैसे घेता येतील ते सांगा, कच्च्या मालाची मागणी किंवा डेंटिस्टकडून वसुली असं काहीतरी, आणि ते अजून केलेलं नाही हेही सांगा. या प्रश्नावर नकार आला म्हणून आकडा चुकला असं नव्हे. एअरबीएनबीचे सहसंस्थापक ब्रायन चेस्की यांनी २०१५ मध्ये आपले जुने नकार प्रसिद्ध केले. जून २००८ मध्ये त्यांची सात गुंतवणूकदारांशी ओळख करून दिली गेली होती. दीड लाख डॉलरला कंपनीचा दहा टक्के हिस्सा मिळत होता. पाच नकार आले, दोघांनी उत्तरच दिलं नाही. त्या नकारांत बाजार पुरेसा मोठा वाटत नाही असंही आहे आणि हे आमचं क्षेत्र नाही असंही. दुसऱ्या प्रकारचा नकार चाळणीने टाळता येतो. पहिल्या प्रकारचा तुम्हालाही येईल.

‘किती मूल्यांकनावर?’ या प्रश्नाला गोंधळू नये म्हणून एक हिशेब आधीच करून ठेवा. सुरुवातीला अनेक ठिकाणी सेफ नावाचा छोटा करार वापरतात, किंवा त्याच धर्तीचा स्थानिक करार. नव्या कंपन्यांना सुरुवातीचे पैसे देणाऱ्या वाय कॉम्बिनेटर या अमेरिकी संस्थेने तो २०१३ मध्ये आणला आणि २०१८ मध्ये त्याचं आजचं, पैसे आल्यानंतरच्या मूल्यांकनावर चालणारं रूप दिलं. त्यात आज पैसे येतात आणि पुढच्या मोठ्या फेरीत त्यांचे समभाग होतात. कमाल मूल्यांकन १०० धरून तुम्ही १५ घेतले तर १५ टक्के गेले. सहा महिन्यांनी त्याच मर्यादेवर आणखी १० घेतले तर आणखी १० टक्के जातात. आधीच्या सेफवाल्यांचा वाटा त्याने कमी होत नाही, ते तुम्हा दोघांच्या वाट्यातून जातात. लहान लहान रकमा घेताना ही बेरीज नजरेआड होते आणि मोठ्या फेरीच्या दिवशी संस्थापकांना धक्का बसतो. प्रत्येक सहीनंतर हिश्श्याची यादी नव्याने लिहा. तुमच्या देशात कोणता करार चालतो हे वकीलच सांगेल.

बोलण्यातली शेवटची पाच मिनिटं स्वतःसाठी राखा आणि विचारा: तुम्ही साधारण किती रक्कम घालता? निर्णय कोण घेतं? आजपासून किती आठवडे लागतात? पुढची पायरी काय? ज्याला खरंच रस आहे तो या प्रश्नांना नेमकी उत्तरं देतो. ‘कोणीतरी पुढाकार घेतला की आम्हीही येऊ’ हे ऐकायला होकारासारखं लागतं. वहीत ते नकाराच्या रकान्यात लिहा आणि पुढाकार घेणारा मिळाला की त्याला परत फोन करा. ‘अजून लवकर आहे’ म्हणणाऱ्याला एकच विचारा: कोणता आकडा दिसला की लवकर राहणार नाही? ‘वीस लॅब’ असं काही सांगितलं तर विसाव्या लॅबच्या दिवशी त्याला लिहायचं. गुळमुळीत काही बोलला तर त्याच्यासाठी थांबायचं नाही. सही झाली आणि पैसे खात्यात आले, की मगच ते जमलेल्या रकमेत धरा. तोवर ‘एवढे कबूल झालेत’ असं दुसऱ्याला सांगू नका. ही माणसं एकमेकांना फोन करतात.

राहिला तुमचा तिसरा. त्याच्याकडे अजून जाता येतं, कारण त्याने आकडे मागितले होते, म्हणजे वाचलं होतं. तक्ता तयार झाला की त्याच जुन्या मेलखाली लिहा, उशिराबद्दल एकाच वाक्यात दिलगिरी व्यक्त करून:

> तुम्ही आकडे मागितलेत तेव्हा ८ लॅब होत्या, आज ११ आहेत. मागच्या वेळी उत्तराला अकरा दिवस लावले, त्याबद्दल क्षमस्व. सातही महिन्यांचा लॅबवार तक्ता सोबत आहे, सोडून गेलेल्या ३ लॅब कारणांसकट त्यात आहेत. २० मिनिटं बोलता येईल का?

पाठवण्याआधी त्या तीन लॅबना फोन करून खरं कारण विचारून घ्या. तो पहिला प्रश्न त्यांच्याबद्दलच विचारेल.